अर्भकशूल
निरोगी तान्ह्या बाळाचे, विशेषतः तिन्हीसांजेचे, तासन्‌तास न थांबणारे रडणे. ते साधारण सहाव्या आठवड्यात सर्वाधिक असते व ३-४ महिन्यांत आपोआप ओसरते. रडताना बाळ पाय पोटाशी घेते, पोटाचे स्नायू आवळते आणि हवा गिळते. त्यामुळे पोट टणक लागते. म्हणजे वायू हा बहुधा रडण्याचा परिणाम असतो. नेमके कारण अनिश्चित आहे. आतड्यातील जिवाणूंचा वेगळेपणा, काहींत गाईच्या दुधातील प्रथिनांचे वावडे आणि मज्जासंस्थेची अपक्वता यांचा संबंध मानला जातो. दिवसभराचा शीण अपक्व मेंदूला संध्याकाळी आवरत नसावा. अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात फुगलेल्या पोटावर तापल्या विळ्याने डागण्याची ‘डंभा’ प्रथा आढळते. तिने शूल थांबत नाही, जखम चिघळून जीव धोक्यात येतो. ताप, हिरवी उलटी, शौचात रक्त किंवा दूध न पिणे ही अर्भकशूलाची लक्षणे नव्हेत. अशा वेळी बाळाला लगेच रुग्णालयात न्यावे.