एलईडी दिवे आणि डिमर

डिमरवरचा एलईडी दिवा लुकलुकतो किंवा गुणगुणतो, तेव्हा दोष बहुधा दिव्याचा नसतो, जोडीचा असतो. जुने ट्रायॅक डिमर तारेच्या बल्बसाठी बनलेले. ५० हर्ट्‌झच्या विजेत सेकंदाला १०० अर्धलहरी येतात. असा डिमर प्रत्येकीची सुरुवात कापून मग वीज एकदम सोडतो. ट्रायॅक चालू राहायला किमान प्रवाह लागतो. झुंबरातले ६० वॅटचे सहा बल्ब ३६० वॅट घेत. त्यांच्या जागी ७ वॅटचे सहा एलईडी आले की भार उरतो ४२ वॅट. डिमरचा किमान भार ६० वॅट असेल, तर ट्रायॅक मधेच बंद पडतो आणि प्रकाश थरथरतो. तापलेली तार असले हिसके पचवायची, एलईडीला ते जमत नाही. परीक्षा सोपी आहे : सहापैकी एका जागी जुना बल्ब लावून पाहावा. लुकलुक थांबली, तर भारच अपुरा होता.

गुणगुण येते ती झटक्याने चढणाऱ्या दाबामुळे. दिव्याच्या ड्रायव्हरमधले कॉइल आणि कपॅसिटर त्याने थरथरतात. अर्धलहरीचा शेवट कापणाऱ्या, म्हणजे ‘ट्रेलिंग एज’ डिमरवर ती बरीच कमी होते. असे डिमर थोड्या भारावरही चालतात, म्हणून एलईडीसाठी तेच घ्यावेत. मात्र खोक्यावर ‘डिमेबल’ छापलेले नसेल, तर तो दिवा कोणत्याच डिमरवर लावू नये.