मळी : एका शब्दाचा आणि दोन टाकाऊ पदार्थांचा इतिहास

आपल्या सीमाभागात 'मळी' हा शब्द तीन वेगळ्या गोष्टींना वापरतात, आणि कागदपत्रं वाचताना त्यामुळे मोठा घोळ होतो. गुऱ्हाळावर काहिलीत रस उकळताना भेंडीचं पाणी घालून वर आलेला फेसाळ गाळ झाऱ्याने काढतात, ती मूळची मळी. साखर कारखान्यात रस निवळताना खाली बसलेला गाळ गाळून जो काळपट चोथा उरतो, त्यालाही शेतकरी मळीच म्हणतो. 'रानात दोन ट्रॉल्या मळी टाकली' म्हणतात ती हीच. इंजिनिअर मात्र तिला प्रेसमड म्हणतो. आणि उत्पादन शुल्काच्या कागदांत मळी म्हणजे मोलॅसिस, साखर काढून उरलेला दाट काळा पाक, ज्यापासून दारूकाम चालतं. या लेखात घोळ नको म्हणून मी चोथ्याला प्रेसमड आणि पाकाला मोलॅसिस म्हणतो.

प्रेसमड या नावातही इतिहास आहे. जुन्या कारखान्यांत लोखंडी चौकटींमध्ये कापड ताणून गाळ दाबून काढत. ती फिल्टर प्रेस, आणि तिच्यातला चिखल तो प्रेसमड. पुढे फिरत्या ढोलाचे व्हॅक्यूम फिल्टर आले, प्रेस गेली, नाव राहिलं. उगार खुर्दचा कारखाना 1939 सालचा, म्हणजे आपल्याकडे या चोथ्याशी शेतकऱ्याची ओळख तीन पिढ्यांची आहे. टनभर उसामागे तो साधारण 35 किलो निघतो आणि त्यात सत्तर टक्के पाणी असतं.

प्रेसमडचं एकट्याचं काम फारसं अवघड नव्हतं. ओला टाकला तर तो रानात तापतो, कोवळ्या पिकाची मुळं भाजतात, उसाच्या मेणामुळे कुजायलाही वेळ लागतो. म्हणून शेतकरी तो बांधावर वर्षभर मुरू देत. खरी अडचण दुसऱ्या टाकाऊची, स्पेंटवॉशची. मोलॅसिस आंबवून मद्यार्क उडवून घेतला की खाली जे गरम, आंबट, गर्द तपकिरी पाणी राहतं ते स्पेंटवॉश. एक लिटर मद्यार्कामागे ते आठ ते पंधरा लिटर निघतं. त्याचा सीओडी, म्हणजे त्यातली घाण जिरवायला लागणारा प्राणवायू, लिटरला लाखभर मिलिग्रॅमच्या घरात असतो. गावच्या सांडपाण्यात तो काही शेच असतो. ओढ्यात सोडलं की आधी मासे मरतात.

यातून दोन वाटा निघाल्या. पहिली गॅसची. 1980 नंतर आपल्याकडच्या डिस्टिलरींत मोठे बंद डायजेस्टर उभे राहू लागले. हवा नसताना जिवाणू स्पेंटवॉशमधलं सेंद्रिय द्रव्य खातात आणि एका घनमीटरमागे तीसएक घनमीटर गॅस देतात. त्यात साठ टक्क्यांच्या आसपास मिथेन. बॉयलरचं इंधन वाचतं. पण मोलॅसिसमधला गंधक हायड्रोजन सल्फाइड होऊन गॅसमध्ये येतो. नळाचं पितळ काळं पडायला लागलं की समजावं, शुद्धीकरण नीट चालत नाही. डायजेस्टर आजारी पडल्याचीही खूण असते : आम्ल साचतं, पीएच खाली सरकतो, फेस येतो, आणि गॅसची ज्योत धड टिकत नाही. अशा वेळी खाद्य कमी करून थांबावं लागतं. घाई केली तर जिवाणूच मरतात. आणि गॅस काढूनही पाण्याचा रंग आणि क्षार तसेच राहतात. म्हणून दुसरी वाट, कंपोस्टची.

तिची मुळं इंदूरला आहेत. अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी 1931 साली शेतातल्या टाकाऊ पदार्थांवरचं पुस्तक प्रसिद्ध केलं. थर रचायचे, पाणी मोजून द्यायचं आणि ठरल्या वेळी पलटायचं, ही 'इंदूर पद्धत'. डिस्टिलरीच्या आवारातले लांबच लांब ढीग हे तिचंच यांत्रिक रूप. प्रेसमडचे दीड मीटर उंच ढीग लावतात, त्यावर स्पेंटवॉश फवारतात आणि यंत्राने पलटतात. आत तापमान साठ अंशांच्या वर जातं. पाण्याची वाफ होते, द्रव्य कुजतं, पोटॅश ढिगात राहतं. प्रेसमडला ओल मिळते, स्पेंटवॉशला आधार.

आता हिशेब मांडतो. रोज 2500 टन गाळणारा कारखाना, 160 दिवसांचा हंगाम, म्हणजे 4 लाख टन ऊस. साडेतीन टक्क्यांनी प्रेसमड 14,000 टन. साडेचार टक्क्यांनी मोलॅसिस 18,000 टन, टनाला 250 लिटर धरून 45 लाख लिटर मद्यार्क. दहापट स्पेंटवॉश, म्हणजे 45,000 टन. एका टन प्रेसमडला सव्वातीन टनांच्या आसपास. नियमांत मान्य असलेलं प्रमाण अडीच ते साडेतीन, तेही दीड-दोन महिने सावकाश फवारून. म्हणजे गणित जेमतेम बसतं. कारखान्याने बाहेरून मोलॅसिस विकत आणलं की ते कोसळतं, कारण प्रेसमड बाहेरून येत नाही.

ते कोसळलेलं मी पाहिलंय. 1990च्या दशकात तरुण इंजिनिअर म्हणून मी ज्या डिस्टिलरीत होतो तिचं नाव घेत नाही. मोलॅसिस बाहेरून येत होतं, टाकी भरली होती, आणि ढिगांवर आम्ही पेलत नाही इतकं पाणी मारत होतो. खुणा समोर होत्या. पलटताना वाफ निघेना. मूठभर माल दाबला की बोटांतून काळं पाणी ओघळायचं, नीट ढिगात हात फक्त ओला व्हायला हवा. मातीच्या वासाऐवजी कुजक्या अंड्याचा वास. ढिगातल्या जिवाणूंची उष्णता एवढं पाणी उडवायला एकटी पुरत नाही, ऊन-वारा लागतोच. म्हणून पावसाळ्यात हे काम बंदच ठेवावं लागतं. आम्ही मृगापर्यंत चालू ठेवलं. तळाला प्लॅस्टिकचं अस्तर नव्हतं. पुढच्या दिवाळीत खालच्या विहिरीचं पाणी चहासारखं झालं. विहिरीचे मालक तात्या मला एवढंच म्हणाले, "साहेब, ही मळी आमच्या रानात आम्ही मापानं टाकत होतो." मी त्यांना उत्तर दिलं नाही. हिशेब मला येत होता, तो मी वेळेवर मांडला नाही, हे इथे लिहून ठेवतो.

2003 साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सनदेने डिस्टिलरींना स्पेंटवॉश बाहेर न सोडण्याचं बंधन आलं, आणि पक्क्या अस्तराची आवारं ही गरज झाली. आता चित्र पुन्हा बदलतंय. ऑक्टोबर 2018 मध्ये केंद्राची 'सतत' योजना आली आणि प्रेसमडपासून थेट वाहनांचा गॅस करणं सुरू झालं. ढोबळ मानाने 25 टन प्रेसमडला एक टन गॅस. वरच्या कारखान्याला 560 टन. पण प्रेसमड उघड्यावर पडला की स्वतःच तापून कुजतो आणि गॅस देण्याची ताकद गमावतो, त्यामुळे वर्षभर संयंत्र चालवायला तो झाकून दाबून साठवावा लागतो. स्पेंटवॉश आता अनेक ठिकाणी आटवून बॉयलरमध्ये जाळतात. ज्या दोन टाकाऊंची आपण एकमेकांशी सोयरीक लावली होती, ती मोडत चालली आहे.

राहिला शेतकरी. पूर्वी ट्रॉलीच्या भाड्यात मिळणारी मळी आता दर लागून विकली जाते. गॅस काढल्यावर उरलेला गाळ खत म्हणून परत येतो, पण ज्या कुजक्या चोथ्याने जमीन भुसभुशीत व्हायची, त्यातला बराचसा कार्बन गॅस होऊन गेलेला असतो. तो किती उरतो हे रानातल्या मातीची दरवर्षी तपासणी केल्याशिवाय सांगता येणार नाही. आपल्या मंडळात ज्यांच्या घरी कारखान्याच्या जुन्या वाहतूक पावत्या आणि माती तपासणीचे कागद असतील, त्यांनी ते रद्दीत देऊ नयेत. 'मळी, दोन ट्रॉल्या' असं लिहिलेली पावती मिळाली तर मला जरूर दाखवा.