नव्या कॅफेचा उद्घाटन आठवडा: 'फक्त ४ दिवस बाकी'पासून 'मनापासून आभार'पर्यंत कोणत्या पोस्ट टाकायच्या?

तुमच्या फीडमध्ये दर महिन्याला एखादा तरी नवा कॅफे उघडत असतो. आधी काळ्या पार्श्वभूमीवर 'समथिंग ब्रूइंग', मग 'कमिंग सून', मग फुग्यांचा फोटो आणि शेवटी हात जोडलेल्या इमोजीसह आभार. एवढं होऊनही कॅफे नेमका कुठे आहे, किती वाजता उघडतो आणि कॉफी कितीला आहे, हे कळत नाही. म्हणजे पोस्ट झाल्या, माहिती राहिली.

एक उदाहरण धरून चालू. समजा, कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका गल्लीत २४ खुर्च्यांचा शाकाहारी कॅफे उघडतोय. कॉफी बनवायला एक माणूस, किचनमध्ये दोघं, काउंटरवर मालक स्वतः. उद्घाटन गुरुवारी. इन्स्टाग्रामवर सहाशे-सातशे फॉलोअर आहेत आणि त्यातले निम्मे नातेवाईक व मित्र.

तारीख आधी, काउंटडाउन नंतर

काउंटडाउन सुरू करायची घाई सगळ्यांनाच असते. पण अन्न परवान्याचा १४ अंकी नंबर हातात नसताना, कॉफी मशीन जोडून चालवून पाहिलेलं नसताना आणि गॅसचं कनेक्शन व्हायचं असताना तारीख जाहीर करू नका. स्टोरीवर काउंटडाउनचं स्टिकर लावलं की लोक त्यावर टॅप करून आठवण लावून ठेवतात आणि वेळ संपली की त्यांना नोटिफिकेशन जातं. ही सोय उत्तम आहे, पण टाकलेल्या स्टोरीतली तारीख बदलता येत नाही. उद्घाटन दोन दिवस पुढे गेलं, तर ज्यांनी आठवण लावली तेच, म्हणजे तुमचे सगळ्यात उत्सुक ग्राहक, बंद शटरसमोर येऊन उभे राहतात.

दुसरी गोष्ट मुहूर्ताची. आपल्याकडे आधी पूजा होते. सकाळी १० ला सत्यनारायण असेल, तर 'गुरुवारी सकाळी १० वाजता उद्घाटन' असं लिहिल्यावर काही लोक प्रसादाच्या वेळी कॅपुचिनो मागायला येतात. तेव्हा पूजा घरच्यांसाठी सकाळी आणि ग्राहकांसाठी दार संध्याकाळी ५ ला, असं ठरवा आणि पोस्टमध्ये फक्त ५ ची वेळ लिहा. शनिवारऐवजी गुरुवार निवडण्याचं कारणही व्यावहारिक आहे. दोन संध्याकाळी हात बसतो, मग शनिवारची गर्दी येते.

'उद्या' हा शब्द वापरू नका

ही चूक जवळजवळ प्रत्येक कॅफे करतो. इन्स्टाग्रामचं फीड टाकलेल्या क्रमाने दिसत नाही. बुधवारी टाकलेली 'उद्या भेटू!' ही पोस्ट अनेकांना शुक्रवारी किंवा शनिवारी दिसते. 'फक्त २ दिवस बाकी'चंही तेच होतं. स्टोरी २४ तासांत जाते, त्यामुळे तिथे 'उद्या' चालतं. पण कायम राहणाऱ्या पोस्टमध्ये वार, तारीख आणि वेळ तिन्ही हवेत, आणि ते कॅप्शनमध्येच नाही तर चित्रावरही. कारण लोक ते चित्र स्क्रीनशॉट काढून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतात आणि कॅप्शन मागे राहतं.

आता आपल्या उदाहरणातले चार दिवस. रविवारी जागा दाखवा. आतल्या दिव्यांचा क्लोज-अप नको, तर रस्त्यावरून दिसणारं शटर, पाटी आणि शेजारची ओळखीची खूण दाखवा. सोमवारी मेन्यू, दरांसह. 'दरासाठी मेसेज करा' हा प्रकार कॅफेला परवडत नाही. विद्यार्थी खिशाचा हिशोब करूनच येतात आणि विचारायचा कंटाळा आला की दुसरीकडे जातात. मेन्यूचं पूर्ण कार्ड एका चित्रात कोंबू नका. फोनवर ते वाचता येत नाही. चार-पाच चित्रांत, मोठ्या अक्षरात द्या.

मंगळवारी माणसं. कॉफी बनवणारा कोण, किचनमध्ये कोण. त्यांना विचारून, त्यांना आवडेल तोच फोटो. बुधवारची पोस्ट सगळ्यात साधी आणि सगळ्यात कामाची:

> 'गुरुवार, संध्याकाळी ५ ते १०. बसायला २४ जागा आहेत, त्यामुळे ७ ते ९ मध्ये थोडं थांबावं लागेल. दुचाकी समोर लागते. चारचाकीला गल्लीत जागा नाही, ती मुख्य रस्त्यावर लावा. पहिले चार दिवस मेन्यूतले ९ पदार्थच मिळतील, बाकीचे सोमवारपासून.'

(प्रत्यक्ष पोस्टमध्ये 'गुरुवार'पुढे तारीखही येईल.) यात सजावट काही नाही. पण 'थांबावं लागेल' हे आधी वाचलेला माणूस वीस मिनिटं थांबतो. न वाचलेला दहाव्या मिनिटाला चिडतो.

याच दिवसांत गुगल मॅप्सवरची नोंद पूर्ण करा. तिथे पुढची उद्घाटनाची तारीख देता येते. पत्त्याची पडताळणी व्हायला वेळ लागू शकतो, म्हणून हे काम काउंटडाउनच्या बरंच आधी सुरू करायला हवं. पोस्ट पाहणारा माणूस शेवटी रस्ता मॅप्सवरच शोधतो.

'पहिल्या ५० जणांना कॉफी मोफत': आकडेमोड करून पाहा

मालिकेतली सगळ्यात जोखमीची पोस्ट ऑफरची. ती लिहिण्याआधी कागद-पेन घ्या. एस्प्रेसो उतरायला साधारण २५ ते ३० सेकंद लागतात. पण दळणं, दाबणं, दूध फेसाळणं, नळी पुसणं धरून नव्या हाताला एका कॅपुचिनोला तीन मिनिटं सहज लागतात. म्हणजे तासाला २० कप. पन्नास जण ५ वाजताच रांगेत उभे राहिले, आणि मोफत म्हटल्यावर ते राहणारच, तर पन्नासाव्या माणसाला कप मिळायला साडेसात वाजतील. दरम्यान जे पैसे देऊन कॉफी प्यायला आले, ते रांग पाहून परत जातील. एक्कावन्नावा माणूस वेगळाच वाद घालेल.

खुर्च्यांचाही हिशोब करा. २४ खुर्च्या, माणूस तासभर बसतो असं धरलं तर पाच तासांत १२० जण. पण चौघांच्या टेबलावर दोघंच बसतात, म्हणून त्यातले दोन-तृतीयांश, म्हणजे ८० धरा. पहिल्या संध्याकाळची तुमची क्षमता एवढीच आहे. मग दोन हजार लोकांपर्यंत पोचायला पैसे देऊन जाहिरात कशासाठी करायची? माझ्या मते उद्घाटनाच्या दिवसाची जाहिरात हा सगळ्यात वाया जाणारा खर्च आहे. तो पैसा दुसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारसाठी ठेवा, तेव्हा खुर्च्या खरंच रिकाम्या असतात.

ऑफर द्यायचीच असेल तर ती पसरवा. 'गुरुवार ते रविवार जो येईल त्याच्या बिलासोबत एक कूपन. सोमवार ते शुक्रवार, दुपारी ३ ते ६ मध्ये एक कॉफी मोफत.' यात रांग लागत नाही, रिकामी दुपार भरते आणि माणूस दुसऱ्यांदा येतो. शेवटची तारीख, एका बिलाला एकच कूपन आणि कोणती कॉफी, या तीन अटी पोस्टवरच लिहा. 'अटी लागू' एवढंच लिहिलं, तर त्या अटी काउंटरवर भांडून ठरतात.

फूड ब्लॉगरला बोलावलं असेल, तर जेवण मोफत दिल्याचं त्याने व्हिडिओत स्पष्ट सांगायला हवं. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये दिलेल्या सूचनांनुसार, पैसे दिले नसले तरी फुकट वस्तू किंवा सेवा मिळाली असेल तर ते उघड करावं लागतं. त्याला गुरुवारी नको, पुढच्या आठवड्यात बोलवा.

दार उघडल्यानंतर

गुरुवारी ५ वाजता एकच पोस्ट: उघड्या दाराचा फोटो, 'सुरू आहे, रात्री १० पर्यंत'. ही पोस्ट आणि मेन्यूची पोस्ट प्रोफाइलवर पिन करा; तीन पोस्ट पिन करता येतात. त्या रात्री रील बनवत बसू नका, काउंटरवर माणूस कमी पडतो.

शुक्रवार-शनिवार स्टोरीचे दिवस. 'आत्ता ६ जागा रिकाम्या', 'ब्राउनी संपली'. अशा ओबडधोबड, फोनवर टाइप केलेल्या स्टोरी लोकांना उपयोगी वाटतात. ग्राहकांचे फोटो टाकायचे तर विचारून. कॉलेजच्या वेळेत कॅफेत बसलेल्या मुलांचे फोटो न विचारता टाकले, तर ती मुलं पुन्हा येत नाहीत.

काहीतरी बिघडणारच. समजा, शनिवारी रात्री ८ ला दूध संपलं आणि पंधरा जणांना परत पाठवावं लागलं. तेव्हा लगेच स्टोरी आणि रविवारी सकाळी पोस्ट:

> 'काल रात्री ८ नंतर दूध संपल्याने अनेकांना कॉफी मिळाली नाही. आजपासून संध्याकाळसाठी दुप्पट दूध घेतोय. काल परत गेलेल्यांनी काउंटरवर सांगा, पहिली कॉफी आमच्याकडून.'

'अभूतपूर्व प्रतिसादामुळे' अशी सुरुवात करू नका. परत गेलेल्या माणसाला ती फुशारकी वाटते. तक्रारीची कमेंट उडवू नका, खाली उत्तर द्या. आणि 'पाच स्टार द्या, १० टक्के सूट घ्या' हा फलक लावू नका: सूट देऊन रिव्ह्यू घेणं गुगलच्या नियमांत बसत नाही, असे रिव्ह्यू काढून टाकले जाऊ शकतात.

कोणत्या पोस्टने माणसं आणली, हे लाइकवरून कळत नाही. लाइक नातेवाईकही करतात, पुण्यातून आणि दुबईतून. काउंटरवर वही ठेवा, 'कुठून कळलं?' विचारा आणि इन्स्टा, व्हॉट्सअ‍ॅप, मॅप्स, 'येता-जाता दिसलं' अशा चार रकान्यांत रेघा मारा. 'येता-जाता'च्या रेघा सगळ्यांत जास्त निघाल्या, तर बाहेरच्या पाटीवर दिवा लावणं पुढच्या दहा पोस्टपेक्षा कामाचं.

आभाराची पोस्ट

ती शुक्रवारी सकाळीच टाकण्याचा मोह होतो. पण एका संध्याकाळनंतर सांगण्यासारखं काही नसतं. पुढच्या बुधवारपर्यंत थांबा. सात दिवसांत बिलं किती झाली ते तुमच्याकडे असतं, काय संपलं, काय पडून राहिलं ते माहीत असतं. 'हजारो ग्राहकांचे आभार' असं २४ खुर्च्यांच्या कॅफेने लिहिलं, तर गल्लीतले लोक हसतात.

> 'सात दिवसांत ४१० बिलं झाली. फर्निचर वेळेत देणाऱ्या सुतारकाकांचे, आणि आठवडाभर गाड्यांची गर्दी सोसणाऱ्या शेजाऱ्यांचे आभार. तुम्ही सांगितलंत म्हणून दोन बदल: कोल्ड कॉफीत साखर कमी केली, आणि भिंतीकडच्या टेबलांना चार्जिंग पॉइंट दिले. आता रोजची वेळ सकाळी ९ ते रात्री १०, सोमवारी बंद.'

शेजाऱ्यांचा उल्लेख मुद्दाम आहे. नव्या कॅफेविरुद्धची पहिली तक्रार बहुतेकदा पार्किंगची असते आणि ती ग्राहक नाही, वरच्या मजल्यावरचे लोक करतात.

ही पोस्ट टाकली की उद्घाटनाच्या दिवसाची पिन काढा आणि तिच्या जागी ही लावा. मॅप्सवर रोजची वेळ व सोमवारची सुट्टी भरा, आणि कूपनची मुदत संपली की ऑफरच्या पोस्टच्या कॅप्शनमध्ये सगळ्यात वर 'मुदत संपली' असं लिहा. नाहीतर दोन महिन्यांनी कोणीतरी तो स्क्रीनशॉट घेऊन येईलच.