गुणाकाराने गर्दी मोजता येत नाही

यात्रा, दहीहंडी, मॅरेथॉन किंवा एखादा मोठा सत्कार सोहळा करायचा म्हटलं की जोखीम-मूल्यांकनाचा तक्ता तयार करावा लागतो. तो कसा लिहायचा याबद्दल सर्वत्र एकच मत चालतं. प्रत्येक धोक्याला एक ओळ द्यायची, शक्यतेला 1 ते 5 आणि तीव्रतेला 1 ते 5 असे गुण द्यायचे आणि दोन्हींचा गुणाकार करायचा. उत्तर 15 किंवा त्याहून जास्त आलं तर लाल, 8 ते 14 पिवळं, त्याखाली हिरवं. मग शेवटच्या रकान्यात उपाय लिहायचे आणि उपायांनंतरचा नवा, कमी झालेला गुण दाखवायचा.

या पूर्वपक्षाच्या बाजूने बोलण्यासारखं आहे, आणि ते आधी मान्य करायला हवं. समितीतल्या दहा जणांना आपापली काळजी एका मापात सांगता येते, आणि पैसा व माणसं कुठे आधी लावायची यावर चर्चा तरी सुरू होते. काहीच न लिहिण्यापेक्षा हे शंभरपट बरं. माझा आक्षेप तक्त्याला नाही. गुणाकारातून आलेला आकडा हेच मूल्यांकन, असं मानण्याला आहे.

मांढरदेवीचं उदाहरण घेऊ. वाईजवळच्या या डोंगरावर 25 जानेवारी 2005 रोजी, शाकंभरी पौर्णिमेच्या काळूबाईच्या यात्रेत, चेंगराचेंगरी होऊन 290 हून अधिक माणसं मेली. देवळाकडे जाणारी वाट अरुंद, दोन्ही बाजूंना दुकानं, वर फोडलेल्या नारळांच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झालेल्या. वरची माणसं घसरली, खालून लोंढा येतच राहिला. पुढे दुकानांना आग लागली आणि गॅसची सिलिंडरंही फुटली.

आता कल्पना करा, त्या यात्रेआधी कुणी प्रामाणिकपणे वरच्या पद्धतीने तक्ता भरला असता. पायऱ्यांवर घसरणं: होणारच, म्हणून शक्यता 5, पण मुका मार किंवा फार तर हाड मोडणं, म्हणून तीव्रता 2. गुण 10. वाटेवर दुकानांची अडचण: 3 गुणिले 3, म्हणजे 9. दुकानात आग: 2 गुणिले 4, म्हणजे 8. चेंगराचेंगरी: तीव्रता 5, पण ‘इतक्या वर्षांत झालेली नाही’ म्हणून शक्यता 2. गुण 10. चारही ओळी पिवळ्या, एकही लाल नाही. तक्ता भरणाऱ्याने कुठेही लबाडी केलेली नाही, आणि तरीही तक्ता सांगतो की फारशी चिंता नको.

चूक दोन ठिकाणी आहे. पहिली गणिताची. 1 ते 5 हे क्रमांक आहेत, मापं नाहीत. तीव्रता 5 म्हणजे अनेक मृत्यू आणि तीव्रता 1 म्हणजे मलमपट्टी. पहिली दुसरीच्या पाचपट नसते. तरी गुणाकारात रोजचं खरचटणं (5 गुणिले 1) आणि क्वचितचा सामूहिक मृत्यू (1 गुणिले 5) एकाच पायरीवर येऊन बसतात. लुई अँथनी कॉक्स या अमेरिकी अभ्यासकाने 2008 साली ‘रिस्क अ‍ॅनालिसिस’ या नियतकालिकात दाखवून दिलं की जिथे क्वचित घडणाऱ्या गोष्टी जास्त भयंकर असतात, तिथे असे तक्ते चिठ्ठ्या टाकून घेतलेल्या निर्णयापेक्षाही वाईट क्रम लावू शकतात. गर्दीच्या कार्यक्रमांत नेमकी हीच परिस्थिती असते.

दुसरी चूक माझ्या मते अधिक गंभीर आहे. तक्त्यात धोके ओळीओळीने वेगळे राहतात, डोंगरावर ते एकमेकांत शिरतात. नारळाचं पाणी ही ‘घसरण्याची’ ओळ होती. दुकानांनी वाट आवळली होती, मागच्यांना पुढे काय झालं ते दिसत नव्हतं. म्हणून तेच पाणी चेंगराचेंगरीचं कारण झालं. ओळींमधला हा दुवा मांडायला गुणांच्या तक्त्यात जागाच नाही.

मग शक्यता ठरवायची कशी? ‘आजवर झालं नाही’ हा पुरावा धरायचा नाही, मोजायचं. ब्रिटनमध्ये क्रीडांगणांच्या सुरक्षेसाठी ‘ग्रीन गाइड’ वापरतात. त्यात एक मीटर रुंदीच्या सपाट वाटेवरून मिनिटाला जास्तीत जास्त 82 आणि पायऱ्यांवरून 66 माणसं जातील, असं धरलेलं आहे. समजा, एका गावच्या यात्रेत फक्त वर जाण्यासाठीच्या पायऱ्या तीन मीटर रुंद आहेत. मिनिटाला 198, तासाला सुमारे 11,900 माणसं वर जातील. सकाळी बसगाड्यांतून तासाला 10,000 भाविक उतरत असतील, तर सारं ठीक वाटतं. पण दुकानांनी एक मीटर खाल्लं की तासाला 7,900 च जातात. दर तासाला दोन हजारांहून जास्त माणसं पायथ्याशी साचतात. तिथली थांबायची जागा 400 चौरस मीटर असेल, तर तासाभरात दर चौरस मीटरला पाच माणसं होतात. पुढे सरकणाऱ्या गर्दीत इतकी दाटी धोक्याची असते. ती आणखी वाढली की माणसाच्या पायांवर त्याचा ताबा राहत नाही, गर्दी नेईल तिकडे तो जातो.

म्हणजे इथे चेंगराचेंगरीची शक्यता 2 की 3 हा वादच उरत नाही. ती कधी आणि कुठे सुरू होईल हे आधी सांगता येतं.

दुकानं हटवली की प्रश्न मिटला, असंही समजू नये. ग्रीन गाइडचा आकडा स्टेडियमच्या कोरड्या, कठडे असलेल्या पायऱ्यांचा आहे. ओल्या पायऱ्या, कडेवर मूल, हातात ओटीचं ताट, सोबत म्हातारी माणसं, असं असेल तर मी मिनिटाला पन्नासच धरीन. मग पूर्ण तीन मीटर मोकळे असले तरी तासाला 9,000 च जातात आणि हजार माणसं साचतातच. म्हणून बसगाड्या पायथ्यापासून दूर थांबवून लोक टप्प्याटप्प्याने सोडणं हा उपाय अटळ ठरतो. तो ‘2 गुणिले 5’ मधून कधीच निघाला नसता.

उपायांच्या रकान्यातही हीच ढिलाई दिसते. ‘पुरेसे स्वयंसेवक नेमले जातील’ असं लिहितात आणि शक्यता 4 वरून 2 करतात. हे दोन गुण कशाने कमी झाले, याचं उत्तर कुणाकडेच नसतं. मांढरदेवीच्या दुर्घटनेनंतर मंदिर परिसरात नारळ फोडण्यावर बंदी आली. हा खरा उपाय, कारण धोक्याचं मूळच त्याने काढलं. माणसांवर अवलंबून असलेला उपाय लिहायचा असेल, तर तो असा लिहावा: पायथ्याच्या कमानीशी पहाटे पाचपासून अमुक माणूस उभा राहील. रांग ठरलेल्या खांबापर्यंत पोचली की तो बसथांब्यावरच्या जोडीदाराला बिनतारी संचावरून लोक सोडणं थांबवायला सांगेल, आणि त्यासाठी त्याला अध्यक्षांची परवानगी लागणार नाही. यात माणूस, खूण, कृती आणि अधिकार चारही आहेत. चारांतलं एक जरी गळलं तरी त्या ओळीचा गुण कमी करण्याचा हक्क लिहिणाऱ्याला नाही.

यंदा तुमच्या गावच्या यात्रेचा तक्ता सहीसाठी समोर आला, तर आधी रंगांकडे पाहू नका. टेप घेऊन वाटेवर जा, दुकानं मांडल्यावर सर्वांत अरुंद राहणारी जागा मोजा आणि तो आकडा पहिल्या ओळीत लिहून घ्या. त्याशिवाय सही करू नका.