रियाझानची गाय : भाव काय सांगतो आणि आराखड्याला काय कळत नाही

आजचा विषय कागदावर अर्थशास्त्राचा आहे, पण मी तो एका गायीच्या गोष्टीतून मांडणार आहे. ही गोष्ट सोव्हिएत रशियातली, १९५७ ते १९६२ या पाच वर्षांतली.

मे १९५७ मध्ये निकिता ख्रुश्चेव यांनी जाहीर केलं की दरडोई मांस, दूध आणि लोणी यांच्या उत्पादनात आपण येत्या काही वर्षांत अमेरिकेला गाठू. मॉस्कोच्या आग्नेयेला सुमारे दोनशे किलोमीटरवर रियाझान हा प्रांत आहे. तिथले पक्षाचे प्रमुख होते अलेक्सेई लारिओनोव. १९५९ च्या सुरुवातीला त्यांनी शब्द दिला की आमचा प्रांत सरकारला मागच्या वर्षीच्या तिप्पट मांस देईल. तिप्पट, आणि तेही एका वर्षात! आकडा होता दीड लाख टन.

आता बघा, गाय काही यंत्र नाही. कालवड वाढून दुधात यायला अडीच-तीन वर्षं लागतात. एका वर्षात तिप्पट जनावरं तयार होऊच शकत नाहीत. मग मांस आलं कुठून? वर्षाची संपूर्ण वाढ तर कापलीच, पण दुभत्या गायी कापल्या, पैदाशीची जनावरं कापली. शेतकऱ्यांच्या घरच्या गायी 'तात्पुरत्या' म्हणून पावत्या देऊन उचलल्या. तरी भरेना, म्हणून शेजारच्या प्रांतांतून जनावरं विकत आणली. डिसेंबर १९५९ मध्ये आराखडा पूर्ण झाल्याची घोषणा झाली आणि लारिओनोव यांना 'समाजवादी श्रमवीर' हा किताब मिळाला.

पुढच्या वर्षी त्यांनी एक लाख ऐंशी हजार टनांचं वचन दिलं. प्रत्यक्षात भरले जेमतेम तीस हजार टन, म्हणजे एक षष्ठांश. गोठ्यात जनावरंच उरली नव्हती. सप्टेंबर १९६० मध्ये लारिओनोव यांनी आत्महत्या केली.

या प्रकाराकडे आपण सहसा एका महत्त्वाकांक्षी माणसाची शोकांतिका म्हणून बघतो. ती आहेच. पण मला आज वेगळा प्रश्न विचारायचा आहे. पहिली दुभती गाय कत्तलखान्याकडे निघाली, तेव्हा 'हे तोट्याचं आहे' असं व्यवस्थेतल्या कुठल्याच गोष्टीने का सांगितलं नाही?

गोठ्यात काम करणाऱ्याला ते कळत होतं. ही गाय दर वर्षी वासरू देते, अजून चार-पाच वर्षं दूध देईल, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. पण ते ज्ञान मॉस्कोपर्यंत जायचा रस्ता एकच होता, तो म्हणजे टनांचा आकडा. आणि टनांच्या आकड्यात भाकड बैल आणि पहिलारू गाय यांचं वजन सारखंच भरतं.

जिथे जनावरांचा बाजार असतो, तिथे काय होतं? लोक गायी जास्त कापायला लागले की मांस थोडे दिवस स्वस्त होतं आणि जिवंत गायी दुर्मिळ होतात. मग दुभत्या गायीला आणि कालवडीला भाव चढतो. ज्याच्या दावणीला गाय आहे, त्याला मांसाच्या रकमेपेक्षा जास्त पैसे गाय ठेवण्यात दिसतात. देशात एकूण गायी किती, कोण कुठे कापतंय, हे त्याला माहीत नसतं आणि माहीत असायची गरजही नसते. भाव बघून तो हात आखडता घेतो. भाव म्हणजे हजारो गोठ्यांतल्या माहितीचा एका आकड्यात आलेला सारांश.

फ्रीडरिश हायेक या अर्थशास्त्रज्ञाने १९४५ मधल्या एका लेखात नेमकं हेच मांडलं. त्याने उदाहरण दिलं कथिलाचं. कथील कुठेतरी कमी पडलं. कारण खाण बंद पडणं असेल किंवा नवा उपयोग निघणं असेल, वापरणाऱ्याला ते कळायची गरज नाही. भाव चढला की तो आपोआप काटकसर करतो.

यावर एक आक्षेप हमखास येतो, की त्या काळी संगणक नव्हते, आज असतील तर? पण रियाझानमध्ये हिशेब करायला कुणी कमी पडलं नव्हतं. अडचण अशी होती की ज्याला खरं माहीत होतं त्याला ते सांगण्यात फायदा नव्हता आणि खोटा आकडा वर गेला की पदक मिळत होतं. यंत्र कितीही वेगवान असलं तरी चुकीच्या आकड्यांची बेरीज चुकीचीच येणार.

आता गोष्टीचा दुसरा भाग. सरकारकडे भाव नव्हते असं नाही. भाव होते, पण ते ठरत होते मॉस्कोच्या कचेरीत. जनावर वाढवायला सामूहिक शेतीला जो खर्च येई, तेवढेही पैसे सरकारकडून मिळत नसत. म्हणून १ जून १९६२ पासून सरकारने मांस तीस टक्क्यांनी आणि लोणी पंचवीस टक्क्यांनी महाग केलं, म्हणजे शेतीला जास्त पैसे देता येतील. अर्थशास्त्राच्या दृष्टीने ही वाढ खरं तेच सांगत होती, की मांस कमी आहे.

पण नोवोचेर्कास्क शहरातल्या रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात त्याच सुमारास कामाचे निकष वाढवून मजुरी कमी केली होती. कामगार संपावर गेले, त्यांनी रेल्वे अडवली. २ जूनला सैन्याने जमावावर गोळ्या झाडल्या. वीसहून अधिक माणसं मेली, पुढे सात जणांना मृत्युदंड झाला, आणि ही बातमी कित्येक वर्षं दाबून ठेवली गेली.

बाजारात भाव चढतो तेव्हा कुणा एकाचा निर्णय नसतो. सरकार भाव ठरवतं तेव्हा त्या भावाला एक चेहरा येतो. लोकांना त्यात टंचाई दिसत नाही, सत्ताधारी दिसतात. त्या गोळीबारानंतर सरकारने मांसाच्या भावाला जवळजवळ तीस वर्षं, थेट १९९१ पर्यंत, हात लावायचं धाडस केलं नाही. मधल्या काळात उत्पादनखर्च वाढत गेला, फरक तिजोरीतून भरला गेला. पाटीवर मांस स्वस्तच राहिलं, दुकानात मात्र मिळेना.

भाव बोलायचा थांबला, तरी टंचाई दुसऱ्या मार्गाने बोलत होती. रांग बोलत होती. शेतकरी बाजारांत भाव मोकळे होते, तिथे तेच मांस सरकारी दरापेक्षा कितीतरी महाग विकलं जाई. आणि रियाझानसारख्या गावांतले लोक सुट्टीच्या दिवशी लोकलने मॉस्कोला जात आणि सॉसेज घेऊन परतत. त्या गाड्यांना लोक 'सॉसेजची लोकल' म्हणत. म्हणजे टंचाईची किंमत लोक भरतच होते, फक्त रूबलऐवजी वेळेने.

दोन मर्यादा सांगून थांबतो. भाव फक्त खिशात पैसे असणाऱ्याची गरज ऐकतो. भुकेल्या पण कफल्लक माणसाची गरज त्याला ऐकूच येत नाही. तिथे मदत लागते, आणि ती भाव मोडून करायची की माणसाच्या हातात पैसे देऊन, हा वेगळा वाद आहे. दुसरं, उद्दिष्ट एकच आणि स्पष्ट असेल तर केंद्रीय नियोजन जमतं. युद्धात याच देशाने रणगाडे प्रचंड संख्येने बनवले. पण रोजच्या ताटातल्या लाखो गरजा वेगवेगळ्या असतात, रोज बदलतात, आणि त्यांची माहिती लाखो माणसांकडे विखुरलेली असते. रियाझानची गाय कापायची की ठेवायची, हे गोठ्यातला माणूस सांगू शकत होता. ते त्याला कुणी विचारलं नाही, आणि त्याच्या वतीने बोलेल असा भावही तिथे नव्हता.