झोपताना शुगर किती असावी? रात्री दूध-बिस्किट घ्यायलाच हवं का?

मधुमेह असलेल्या माणसानं झोपण्याआधी काहीतरी खाल्लंच पाहिजे, असा समज अनेक घरांत आहे. मात्र हा नियम सगळ्यांना लागू होत नाही. खायचं की नाही, हे औषध कोणतं चालू आहे आणि त्या रात्री मशीनवर आकडा किती आला, यावर ठरतं.

फक्त मेटफॉर्मिन घेणाऱ्यांची शुगर रात्री धोकादायक पातळीपर्यंत घसरणं दुर्मीळ असतं. झोपताना 98 आली तरी त्यांना खाण्याची गरज नसते. रोजच्या दूध-बिस्किटानं उलट सकाळची शुगर वाढू शकते. जपायचं ते इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी.

वयस्कर पण तब्येत धडधाकट असलेल्यांसाठी अमेरिकन डायबेटीस असोसिएशननं झोपतानाची शुगर 80 ते 180 अशी सुचवली आहे. सोबत इतर बरेच आजार असतील, तर 100 ते 180. आपला नेमका आकडा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावा. 70 च्या खाली गेली की शुगर कमी झाली असं धरतात. 54 च्या खाली धोका मोठा.

समजा, 66 वर्षांचे एक किराणा दुकानदार 30/70 मिक्स इन्शुलिन घेतात. हृदयाचा आणि किडनीचाही त्रास आहे. साडेसातला सुई घेतली, आठला जेवले, पण दोनऐवजी एकच भाकरी खाल्ली. दिवसभर पोतीही उचलली होती. साडेदहाला शुगर 96. आकडा तसा वाईट दिसत नाही. पण या इन्शुलिनमधल्या संथ भागाचा जोर मध्यरात्रीच्या आसपास आणि पुढेही काही तास राहतो, म्हणजे शुगर अजून उतरणार. अशा रात्री अर्धी भाकरी आणि कपभर बिनसाखरेचं दूध घेऊन झोपणं बरं. तीन वाजता एकदा तपासावं.

झोपताना 70 च्या खाली असेल तर भाकरी-दुधावर थांबू नये. आधी तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यावी, 15 मिनिटांनी पुन्हा तपासावं. अजून कमीच असेल तर पुन्हा साखर. 70 च्या वर आल्यावर मग खावं आणि झोपावं. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नये, थेट दवाखाना गाठावा.

झोपेत शुगर उतरल्याचं अनेकदा कळत नाही. घामानं भिजलेला अंगरखा, वाईट स्वप्नं, सकाळी जड डोकं या खुणा. दारू घेतलेल्या रात्री धोका वाढतो.

आणि दुकानदारांना रोजच खाऊन झोपावं लागत असेल, तर चूक बहुधा डोसमध्ये आहे. झोपतानाचे आणि तीन वाजताचे आकडे वहीत लिहून डॉक्टरांना दाखवावेत. डोस मनानं बदलू नये.