रेड म्हणजे काय? चार हार्ड डिस्क असूनही बॅकअप का लागतो?

नंदुरबार जिल्ह्यातल्या धानोऱ्यात एक फोटो स्टुडिओ आहे, असं समजा. लग्नसराईचे आणि होळीचे व्हिडिओ साठवायला त्याने 4 टीबीच्या चार हार्ड डिस्क घेतल्या. दुकानदार म्हणाला, "रेड करून घ्या, डेटा सेफ राहील." हे अर्धंच खरं आहे. कसं, ते समजून घेऊ.

रेड म्हणजे काय?

इथे आयकर खात्याच्या धाडीचा काही संबंध नाही. अनेक डिस्क एकत्र जोडून त्यांना एकच मोठी डिस्क असल्यासारखं वापरण्याच्या पद्धतीला रेड म्हणतात. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातले डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी 1988 च्या शोधनिबंधात हे नाव रूढ केलं. एका महागड्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क वापराव्यात, आणि त्यातली एखादी बिघडली तरी काम थांबू नये, ही त्यामागची कल्पना.

चार डिस्क, चार पर्याय

रेड 0: फाइलचे तुकडे करून ते चारही डिस्कवर वाटले जातात. जागा पूर्ण 16 टीबी मिळते आणि वेगही सर्वाधिक. पण एक डिस्क गेली की सगळंच गेलं, कारण प्रत्येक मोठ्या फाइलचा तुकडा त्या डिस्कवर असतो.

रेड 10: डिस्कच्या दोन जोड्या करतात. जोडीतली दुसरी डिस्क ही पहिलीची हुबेहूब नक्कल असते. जागा निम्मी, म्हणजे 8 टीबी. वेग चांगला. प्रत्येक जोडीतली एक डिस्क गेली तरी चालतं, पण एकाच जोडीतल्या दोन्ही गेल्या तर डेटा गेला.

रेड 5: जागा 12 टीबी आणि एक डिस्क गेली तरी डेटा शाबूत. हे जमतं 'पॅरिटी'मुळे. तीन डिस्कवर 1, 0, 1 असे बिट असतील, तर चौथीवर असा बिट लिहितात की एकूण 1 ची संख्या सम व्हावी. इथे तो 0 येतो. आता मधली डिस्क बिघडली, तर उरलेल्या 1, 1, 0 वरून हरवलेला बिट 0 होता हे कळतं. मात्र छोटासा बदल करायचा तरी जुना डेटा आणि जुनी पॅरिटी वाचून दोन्ही नव्याने लिहावी लागतात. एका कामाची चार कामं होतात, म्हणून लिहिण्याचा वेग घटतो.

रेड 6: पॅरिटी दुहेरी. जागा 8 टीबी, कोणत्याही दोन डिस्क गेल्या तरी चालतं, पण लिहिणं आणखी हळू.

खरी परीक्षा कधी?

आपल्या स्टुडिओने रेड 5 घेतलं आणि एक डिस्क बिघडली. व्हिडिओ नेहमीसारखे उघडतात, त्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नाही. लिनक्सवर `cat /proc/mdstat` ही कमांड दिली तर मात्र दिसतं:

```
[4/4] [UUUU]   सगळं ठीक
[4/3] [UU_U]   एक डिस्क गेली
```

आता सुरक्षा शून्य आहे. नवी डिस्क लावल्यावर तिच्यावरचा डेटा पुन्हा तयार करण्यासाठी उरलेल्या तिन्ही डिस्क पूर्ण वाचाव्या लागतात. सेकंदाला 150 एमबी वेग धरला तरी 4 टीबीला साडेसात तासांच्या आसपास लागतात. स्टुडिओचं काम सुरू असेल तर आणखी जास्त. चारही डिस्क एकाच दिवशी घेतलेल्या, सारख्याच झिजलेल्या. या काळात दुसरी डिस्क गेली तर सगळे व्हिडिओ गेले.

मग हा बॅकअप का नाही?

कारण रेड फक्त डिस्कच्या बिघाडापासून वाचवतं. चुकून फोल्डर डिलीट केलं, तर ते चारही डिस्कवरून त्याच क्षणी जातं. रॅन्समवेअरने फाइल लॉक केल्या, तर लॉक झालेल्या फाइलच इमानेइतबारे जपल्या जातात. चोरी झाली तर चारही डिस्क एकाच डब्यातून जातात.

आग लागली तरी तेच. 21 जून 2012 ला मुंबईत मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर लागलेली आग वरच्या मजल्यांवर पसरली आणि असंख्य कागदी फायली जळाल्या. अशा वेळी त्याच कपाटात ठेवलेली दुसरी प्रत काय कामाची? डिस्कचंही तसंच आहे.

मग करायचं काय?

बॅकअपचा जुना नियम आहे 3-2-1: डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. आपल्या स्टुडिओसाठी सोपा मार्ग म्हणजे एक प्रत रेडवर, दुसरी काम झालं की काढून ठेवायच्या बाहेरच्या डिस्कवर आणि तिसरी क्लाउडवर किंवा नंदुरबारला नातेवाइकांच्या घरी. महिन्यातून एकदा त्या प्रतीतून एखादा व्हिडिओ परत आणून, तो चालवून बघायचा. तो उघडला, तरच तो बॅकअप.

थोडक्यात, डिस्क बिघडली तरी आजचं काम सुरू राहावं यासाठी रेड. कालची फाइल परत मिळावी यासाठी बॅकअप.